पहिल्याच फोनवर व्हिसाचं विचारावं का?

*ताई, मी अमेरिकेत डेटा सायन्समध्ये मास्टर्स करतेय, मे 2026 मध्ये संपेल. नोकरीसाठी अर्ज सुरू केलेत. एका रिक्रूटरचा पहिला फोन आला तेव्हा मी लगेच विचारलं, “तुम्ही व्हिसा स्पॉन्सर करता का?” तो “नाही” म्हणाला आणि फोन तिथेच संपला. दुसऱ्या कंपनीत मग मी गप्पच बसले. आता तिथे दोन फेऱ्या झाल्यात, तिसरीत शनिवार-रविवार बसून करायची असाइनमेंट आहे आणि विषय अजून निघालेला नाही. मैत्रीण म्हणते, ऑफर हातात येईपर्यंत तोंड उघडू नकोस, फॉर्मवरही “नाही” लिही, पुढचं पुढे बघू. पण माझ्या पोटात गोळा येतो. कधी विचारायचं आणि कसं?*
*– अर्धवट सांगून बसलेली*

पहिल्याच फोनवर विचारायचं. पण फोन उचलल्या उचलल्या नाही, आणि “स्पॉन्सर करता का?” या शब्दांत तर नाहीच.

भरतीचं काम मी बरीच वर्षं केलं आहे, म्हणून आधी पलीकडच्या माणसासमोर काय असतं ते सांगते. रिक्रूटरच्या स्क्रीनवर त्या जागेची नोंद उघडी असते. त्यात पगाराची मर्यादा असते, शहर असतं, मॅनेजरचं नाव असतं आणि बहुतेक ठिकाणी एक रकाना असतो: स्पॉन्सरशिप, हो किंवा नाही. हा रकाना त्यानं भरलेला नसतो. कंपनीच्या वकिलांनी किंवा एचआरनं धोरण ठरवलेलं असतं, तो फक्त वाचून दाखवतो. तू “स्पॉन्सर करता का?” म्हणालीस, त्यानं रकान्यात “नाही” पाहिलं आणि तेच सांगितलं. त्यात तुझ्याबद्दल काही नव्हतं आणि बहुधा तुझ्या परिस्थितीबद्दलही नव्हतं. कारण तो रकाना भरताना कंपनीच्या डोक्यात एच-1बी हा नोकरीचा व्हिसा असतो, कधी ग्रीन कार्डही असतं. पहिलं वर्ष काम करायला तुला या कंपनीकडून यातलं काहीच नको आहे.

तुझ्या तारखा मांडून बघू. कोर्स मे 2026 मध्ये संपतो. ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याच्या परवानगीचा, अर्ज कोर्स संपण्याच्या 90 दिवस आधीपासून ते संपल्यावर 60 दिवसांपर्यंत करता येतो, आणि ओपीटी सुरू होण्याची तारीख त्या शेवटच्या 60 दिवसांतली तू निवडायची. समज, तू 1 जुलै 2026 निवडलीस. म्हणजे 30 जून 2027 पर्यंत तुझ्याकडे कामाचं कार्ड, ते ईएडी, असेल. हे वर्षभर तुला कामावर ठेवायला कंपनीला इमिग्रेशनसाठी एक डॉलर खर्च नाही, वकील नाही, सरकारकडे अर्ज नाही. कुठल्याही नव्या माणसाचा आय-9 फॉर्म भरतात तसा तुझा भरायचा, संपलं.

दुसरा टप्पा स्टेम ओपीटीचा. तुझी पदवी स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या, सरकारी यादीत असेल (डेटा सायन्सची बहुतेकदा असते, पण विद्यापीठानं दिलेल्या तुझ्या आय-20 वरचा विषयाचा कोड तिथल्या डीएसओ या अधिकाऱ्याकडून तपासून घे) तर आणखी 24 महिने मिळतात, म्हणजे 30 जून 2029 पर्यंत. इथे मात्र कंपनीला दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, ती ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाची परवानगी तपासण्याच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत, नोंदलेली हवी, कारण स्टेमच्या अर्जात कंपनीचा ई-व्हेरिफाय क्रमांक लिहावा लागतो. तो नसेल तर अर्ज पुढे जातच नाही. दोन, आय-983 नावाचा प्रशिक्षण आराखडा तुझ्या मॅनेजरसोबत भरून त्यावर कंपनीनं सही करायची. यालाही सरकारी फी कंपनीला काही नाही. पण छोट्या कंपन्या इथेच का बिचकतात ते समजून घे. ई-व्हेरिफाय फुकट असलं तरी एकदा नोंदणी केली की त्या ठिकाणी लागणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाची तपासणी त्यातून करावी लागते, फक्त तुझ्यासारख्यांची नाही. आठ माणसांच्या कंपनीला ते नको असतं. मोठ्या कंपन्यांत, आणि केंद्र सरकारची कंत्राटं घेणाऱ्यांकडे, ते आधीच असतं.

तिसरा टप्पा एच-1बीचा, आणि लोक “स्पॉन्सर” म्हणतात तो हाच. दर मार्चमध्ये कंपनीनं तुझं नाव इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं नोंदवायचं, त्याची फी 215 डॉलर. लॉटरीत नाव निवडलं गेलं तरच पूर्ण अर्ज, वकील आणि मोठा खर्च, आणि काम सुरू होणार 1 ऑक्टोबरपासून. तुझ्या तारखांत मार्च 2027, मार्च 2028 आणि मार्च 2029 अशा तीन संधी बसतात. शेवटची संधीही धरायची, कारण कार्डाची मुदत संपण्याआधी एच-1बीचा अर्ज रीतसर दाखल झाला तर मधल्या काळात कामाची परवानगी आपोआप पुढे चालते. त्याला कॅप-गॅप म्हणतात.

आता तू पहिल्या रिक्रूटरला विचारलेला प्रश्न आठव. तू तिन्ही टप्पे एका शब्दात कोंबून त्याच्यापुढे टाकलेस आणि त्यानं त्यातल्या सगळ्यात महागड्याचं उत्तर दिलं. म्हणून प्रश्न फोडून विचारायचा, तारखांसकट. इंग्रजीत तू तुझ्या शब्दांत म्हणशीलच, आशय असा: “माझ्या कामाच्या परवानगीबद्दल आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणाचा वेळ जायला नको. जुलै 2026 पासून एक वर्ष काम करायला मला कंपनीकडून काहीच लागणार नाही. त्यानंतर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते, त्यासाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये असावी लागते. आणि या तीन वर्षांत एच-1बीच्या नोंदणीत माझं नाव घालावं लागेल. या जागेसाठी यातलं काय शक्य आहे?”

शेवटचं वाक्य मुद्दाम “काय शक्य आहे” असं ठेवलं आहे. “हो की नाही” विचारलं की रकाना वाचला जातो. “काय” विचारलं की माणसाला निदान थोडा विचार करावा लागतो, आणि माहीत नसेल तर “विचारून सांगतो” म्हणायला जागा मिळते. ते “विचारून सांगतो” तुझ्या फायद्याचं आहे. रिक्रूटर धोरण बदलू शकत नाही, पण मॅनेजरला तू हवी असलीस तर मॅनेजर अपवाद मागू शकतो. त्याच्यापर्यंत प्रश्न नीट मांडलेला पोचायला हवा.

वेळेबद्दल. पहिला फोन साधारण अर्ध्या तासाचा असतो. आधी तो जागेबद्दल सांगतो, मग तू स्वतःबद्दल, मग पगाराची अपेक्षा आणि कधी रुजू होऊ शकशील हे विचारलं जातं. “कधी रुजू होशील?” तिथेच बोल. विषय आपोआप निघालेला असतो, आणि तोवर तू काय केलं आहेस हे त्यानं ऐकलेलं असतं. त्यानं विचारलंच नाही तर “तुला काही विचारायचं आहे का?” या शेवटच्या वळणावर. पण फोन ठेवण्याआधी. मॅनेजरशी मुलाखत ठरण्यापूर्वी हे उरकलेलं बरं, कारण पुढच्या फेऱ्यांत तुझ्यासमोर बसणारे इंजिनिअर असतात आणि त्यांना यातलं काहीही ठाऊक नसतं. त्यांना विचारलंस तर ते बिचारे “हो, हो, आमच्याकडे बरेच जण आहेत व्हिसावर” असं प्रेमानं सांगतील. त्या वाक्यावर विसंबू नकोस. ते बरेच जण दुसऱ्या धोरणाच्या काळात आलेले असू शकतात, किंवा दुसऱ्या कंपनीतून एच-1बी घेऊनच आलेले असतात. तशा माणसाला घेणं लॉटरीतून जाण्याच्या मानानं फार सोपं असतं.

फोनच्या आधी घरी बसून दोन गोष्टी बघून ठेव. ई-व्हेरिफायच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव शोधता येतं. आणि यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या H-1B Employer Data Hub वर कोणत्या कंपनीचे कोणत्या वर्षी किती एच-1बी अर्ज मंजूर झाले ते दिसतं. त्यात नव्या नोकरीचे आणि चालू नोकरीतल्या मुदतवाढीचे आकडे वेगळे असतात, तर नव्या नोकरीचेच बघ. शोधताना कंपनीचं कायदेशीर नाव वापर, जाहिरातीतलं ब्रँडचं नाव नाही, नाहीतर काहीच सापडणार नाही. नाव तिथे सापडलं म्हणजे या जागेसाठी होकार आहे असं नव्हे, पण नकार आला तर पुढचा प्रश्न विचारायला तुझ्या पायाखाली जमीन असते.

नकारानंतर एकच प्रश्न विचारायचा: “हा नकार एच-1बीपुरता आहे, की स्टेम ओपीटीवरच्या उमेदवारांनाही घेत नाही?” बऱ्याच ठिकाणी उत्तर बदलतं. “ओपीटी चालतं, पुढचं स्पॉन्सर करत नाही” असं उत्तर आलं तर तुझ्यासमोर खरी निवड उभी राहते: तीन वर्षं काम, पण एच-1बीच्या तिन्ही संधी वाया, जोवर मध्येच दुसरी नोकरी शोधत नाहीस तोवर. पहिली नोकरी म्हणून काहींना ते परवडतं. माझं मत विचारशील तर, दुसऱ्या चांगल्या ऑफरची शक्यता दिसत नसेल तर घ्यावी, आणि रुजू झाल्या दिवसापासून पहिला मार्च कुठे गाठायचा याचा हिशेब ठेवावा.

होकार आला तरी हुरळून जाऊ नकोस. “हो, आम्ही करतो” याच्या पोटात बहुतेकदा एक अट असते: वर्षभर काम झाल्यावर. ऐकायला रास्त वाटते, पण तारखा लाव. जुलै 2026 मध्ये रुजू झालीस तर मार्च 2027 मध्ये तुझे आठच महिने भरलेले असतील, म्हणजे तुझी पहिली नोंदणी मार्च 2028 ला. तीनच्या दोन संधी झाल्या. म्हणून होकारानंतरचा प्रश्न: “पहिल्याच मार्चमध्ये नोंदणी करता, की ठरावीक काळ काम झाल्यावर?” हा प्रश्न पहिल्या फोनवर नको, तिथे फारच पुढचं वाटतं. ऑफरवर बोलणी सुरू झाली की विचार, आणि उत्तर ईमेलमध्ये घे.

सगळ्यात निसरडं उत्तर म्हणजे “केस बाय केस बघतो.” याचा अर्थ नकार असेलच असं नाही, पण निर्णय कुणाच्या हातात आहे हे समोरच्याला ठाऊक नाही किंवा सांगायचं नाही. मग नम्रपणे विचार की हे कोण ठरवतं आणि कोणत्या फेरीनंतर. “मॅनेजर आणि लीगल मिळून, अंतिम फेरीआधी” असं ठोस उत्तर आलं तर पुढे जा. “बघू ना पुढे” असं आलं तर जा, पण त्या कंपनीवर सगळी भिस्त ठेवू नकोस.

आता फॉर्म. तिथे सहसा दोन प्रश्न पाठोपाठ असतात. पहिला, अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का. ज्या तारखेपासून काम करशील त्या तारखेला तुझ्याकडे ईएडी असणार असेल तर याचं उत्तर “हो”. दुसरा बहुतेकदा याच शब्दांत असतो:

Will you now or in the future require sponsorship for employment visa status?

यातले “or in the future” हे शब्द तुझ्यासारख्यांसाठीच घातलेले आहेत. ओपीटीवर आज काही लागत नाही म्हणून “नाही” लिहिण्याचा सल्ला जो तो देतो, तुझी मैत्रीणही तेच सांगतेय. पण मार्च 2027 मध्ये तुला नोंदणी हवीच आहे, मग याचं खरं उत्तर “हो”च आहे. खोटं लिहिलंस तर ते फार लांब राहत नाही. जेमतेम दहा महिन्यांत तू आय-983 घेऊन मॅनेजरच्या दारात उभी राहतेस आणि एचआर तुझा मूळ अर्ज उघडतं. अर्जाच्या तळाशी, चुकीची माहिती दिल्यास नोकरी जाऊ शकते, या ओळीखाली तुझी सही असते. एखाद्या फॉर्मवर फक्त “आत्ता लागेल का” एवढंच विचारलं असेल आणि भविष्याचा शब्दच नसेल, तर “नाही” हे खरं उत्तर आहे, तिथे निर्धास्त लिही. प्रश्न शब्दशः वाचायचा आणि शब्दशः उत्तर द्यायचं. पुढे मोकळी जागा असेल तर तारखांसकट दोन ओळी लिही, म्हणजे “हो” बघून कुणी घाबरलं तरी खुलासा शेजारीच असेल.

“हो” लिहिलं म्हणून काही अर्ज गाळणीतच अडकतील. ते टळणार नाही आणि त्याबद्दल तक्रार करून हाती काही लागणार नाही. स्पॉन्सरशिप लागेल का हे विचारण्याची कंपनीला मुभा आहे, आणि विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला त्या कारणानं न घेण्याचीही आहे. नागरिकत्वाच्या आधारावर भेदभाव करू नये या तिथल्या कायद्याचं जे संरक्षण आहे, ते तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांपर्यंत पोचत नाही. “मूळ कुठली?” असं विचारणं मात्र वेगळं. त्याला तू कामाच्या परवानगीचं उत्तर दे आणि पुढे चल.

सध्या एक नवाच नकार ऐकू येतो: “आता एक लाख डॉलर भरावे लागतात, आम्हाला परवडत नाही.” 19 सप्टेंबर 2025 च्या अध्यक्षीय जाहीरनाम्यानं नव्या एच-1बी अर्जांवर 1,00,000 डॉलर लावले, हे खरं. 21 सप्टेंबर 2025 पासून ते लागू झालं, मुदत 12 महिन्यांची, आणि ती वाढवली जाऊ शकते. पण 20 ऑक्टोबर 2025 ला यूएससीआयएसनं खुलासा केला की देशातच असलेल्या माणसाचा दर्जा बदलण्याच्या अर्जाला, म्हणजे तुझ्यासारखीच्या एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरून एच-1बी होण्याच्या अर्जाला, ही रक्कम लागत नाही. रिक्रूटर मथळा वाचून बोलत असतो. त्याला वाद घालून पटवू नकोस. “मी अमेरिकेतच आहे आणि माझा अर्ज दर्जा बदलण्याचा असेल, त्याला ही रक्कम लागत नाही असं यूएससीआयएसचं म्हणणं आहे, तुमच्या वकिलांना एकदा विचाराल का?” एवढं पुरे. यातली मेख मात्र तुझ्या बाजूची आहे. तो अर्ज प्रलंबित असताना तू देशाबाहेर गेलीस तर दर्जा बदलण्याची विनंती सोडून दिल्यासारखी धरली जाते, आणि मग ती रक्कम अंगावर येऊ शकते. त्या महिन्यांत भावाचं लग्न निघालं तरी तिकीट काढण्याआधी वकिलाला विचार.

आणखी एक बदल झाला आहे, आणि त्याचा संबंध पगाराच्या बोलणीशी आहे. पूर्वी लॉटरीत सगळ्यांना सारखीच संधी असे. 27 फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या नियमानं पगाराच्या पातळीप्रमाणे वजन दिलं आहे: श्रम खात्याच्या चार पातळ्यांपैकी पहिल्या पातळीच्या पगारावर तुझं नाव एकदा पडतं, दुसऱ्यावर दोनदा, चौथ्यावर चारदा. पातळी ठरते ती कामाचा प्रकार आणि शहर यांवरून. त्यामुळे तोच पगार महागड्या शहरात पहिल्या पातळीत मोडतो आणि स्वस्त शहरात दुसऱ्या. नुकत्या पास झालेल्या मुलीला पहिली किंवा दुसरीच मिळणार, पण ऑफरचा आकडा दुसऱ्या पातळीच्या थोडाच खाली असेल तर तेवढे पैसे मागण्यात अर्थ आहे. पातळ्यांचे आकडे श्रम खात्याच्या संकेतस्थळावर शोधता येतात. हे सगळं ऑफरच्या वेळचं आहे, रिक्रूटरशी पहिल्या बोलण्यात यातला शब्दही काढू नकोस. आणि विद्यापीठात किंवा विद्यापीठाशी संलग्न ना-नफा संशोधन संस्थेत जागा दिसली तर लक्ष ठेव, तिथे लॉटरीच नसते आणि वर्षात केव्हाही अर्ज करता येतो.

एका प्रकारच्या होकारापासून लांब राहा. “स्पॉन्सर करतो, फक्त फी तुम्ही भरा” किंवा “आधी आमचं प्रशिक्षण घ्या, पैसे नंतर कापू.” एच-1बीच्या अर्जाचा आणि वकिलाचा खर्च कंपनीनंच करायचा असतो, तो कामगाराच्या माथी मारता येत नाही. रिक्रूटर एजन्सीचा असेल आणि काम तिसऱ्याच कंपनीत असेल तर एवढंच विचार: “आय-983 वर सही कोण करणार, आणि मला रोजचं काम कोण सांगणार?” दोन्हींचं उत्तर सरळ आलं नाही तर तिथे ओपीटीचे महिने घालवू नकोस. ओपीटीच्या पहिल्या वर्षात बिनकामाचे एकूण 90 दिवसच चालतात.

ऑफर येईपर्यंत गप्प बसायचा सल्ला चुकीचा वाटतो तो याच घड्याळामुळे. चार-पाच फेऱ्यांची भरती सहज दीड महिना चालते. शेवटी धोरण आडवं आलं तर कंपनीचं फारसं बिघडत नाही, ते यादीतल्या पुढच्याला फोन करतात. तुझा दीड महिना जातो, आणि ईएडीची तारीख उलटून गेली असेल तर तो 90 मधून जातो.

तर आता दुसऱ्या कंपनीचं. आजच रिक्रूटरला ईमेल कर. उशीर झाल्याबद्दल दिलगिरीचं पान लिहायची गरज नाही. तिसऱ्या फेरीबद्दल आभार, मग “असाइनमेंट सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यायची आहे”, मग वर दिलेली तीन वाक्यं तारखांसकट, आणि शेवटी “या जागेसाठी काय शक्य आहे ते कळवाल का?” फॉर्मवर “नाही” लिहून बसली असशील तर तेही याच ईमेलमध्ये एका ओळीत दुरुस्त कर: “अर्जातल्या या प्रश्नाचं माझं उत्तर ‘हो’ असं धरावं.” या टप्प्यावर केलेली दुरुस्ती रिक्रूटर नोंदवून पुढे जातो, ऑफरनंतर निघालेली वकिलांकडे जाते.

शुक्रवार दुपारपर्यंत उत्तर नाही आलं तर फोन कर. फोनही उचलला नाही तर असाइनमेंटची मुदत सोमवारऐवजी बुधवार मागून घे. ती बहुतेकदा मिळते, आणि तेवढ्या दोन दिवसांत उत्तरही येतं. पहिल्या कंपनीलाही त्याच तीन वाक्यांचा ईमेल जाऊ दे, शीर्षकात “स्टेम ओपीटीबद्दल एक प्रश्न” असं लिहून. जागा अजून भरलेली नसेल तर त्याला रकान्यापलीकडचं उत्तर शोधावं लागेल.